गुरुजींची बिल्डिंग आणि भाच्याचं होस्टेल

एप्रिलच्या शेवटी भाच्याचा फोन आला. "मामा, ट्युशन एरियात एक बिल्डिंग मिळायलीय. वीस खोल्या हायत, दोन-दोन कॉट धरल्या तर चाळीस पोरी बसतेत. तुम्ही एकदा हिशेब बघता का?"

मी लातूरच्या एका कॉलेजात बारा वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळे घरात कुणी दुकान टाकायचं म्हटलं की कागद माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा मी दोन प्रश्न विचारून तो परत देतो. हा कागद मात्र मी आठवडाभर ठेवून घेतला. वर्गात फळ्यावर जी आकृती मी वर्षानुवर्षं कंटाळत काढली, ती या कागदात रुपयांसकट उतरली होती. वाढत्या खर्चाच्या उद्योगाचा, म्हणजे धंदा पसरला की ज्याचा खर्चही वाढतो अशा उद्योगाचा, दीर्घकालीन पुरवठा वक्र, म्हणजे नवे लोक येऊन स्थिरावल्यावर किती माल कोणत्या दराला मिळतो ती रेघ, कशी तयार होते आणि त्यातला पैसा कुणाच्या खिशात जातो, ते त्यावरून स्पष्ट दिसत होतं.

ट्युशन एरिया म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: 'लातूर पॅटर्न'चं नाव झाल्यापासून नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची आणि त्याही पलीकडची मुलं इथे अकरावी-बारावी करायला येतात. २०१७ पासून राज्यातले एमबीबीएसचे प्रवेशही नीटवर होऊ लागले. मग बारावीनंतर पुन्हा एक वर्ष घासणाऱ्या रिपीटर मुलांची भर पडली. या मुलांना झोपायला कॉट लागते, आणि ती क्लासपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत हवी असते. संध्याकाळची बॅच सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. मुलगी लांब राहते म्हटलं की आईबाप दुसरीकडे चौकशी करतात.

होस्टेल हा धंदा पूर्ण स्पर्धेच्या व्याख्येला बराच जवळचा आहे. तो करणारे शेकड्यांनी आहेत आणि कॉटचा दर रिक्षावाल्यालाही पाठ असतो. धंद्यात उतरायला पदवी लागत नाही. बिल्डिंग भाड्याने घ्यायची, लोखंडी कॉट आणि गाद्या आणायच्या, एक वॉर्डनबाई ठेवायची आणि जूनच्या आधी बोर्ड लावायचा. म्हणून इथे सिद्धांत तपासता येतो.

पुढचे आकडे भाच्याच्या कागदावरून आणि त्याच्या मित्राच्या वहीवरून घेतले आहेत, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते गोल केलेत. होस्टेलांची संख्या आणि मागणी तर मी सरळ धरलेली आहे. ट्युशन एरियाचा हा सर्व्हे नव्हे.

मित्राची वही

भाच्याच्या डोक्यात हा किडा सोडला त्याच्या मित्राने. मित्राचं चाळीस कॉटचंच होस्टेल. दर कॉटला महिना ३,५०० रुपये, म्हणजे जमा १,४०,०००. बिल्डिंगचं भाडं ४०,०००. वॉर्डन, झाडूपोछा, लाइट, पाणी, डागडुजी, डिपॉझिटात अडकलेल्या पैशाचं व्याज असं सगळं मिळून ५५,०००. हातात राहतात ४५,०००. भाचा एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतो, त्याला तिथे २५,००० मिळतात. होस्टेल घेतलं की ती नोकरी सोडावी लागणार. तरी वीस हजार वरचे.

"म्हणजे दर महिन्याला वीस हजार कुणीतरी रस्त्यावर ठेवलेत आणि तू ते उचलायला निघालायस," मी म्हणालो.

"तसं नाही मामा, पण सगळेच उघडायलेत. दरसाली नवीन चार बोर्ड लागतेत. नफा नसता तर उघडले असते का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मित्राच्या वहीच्या मागच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या करारनाम्यात सापडलं. करार तीन वर्षांचा, भाडं पूर्ण मुदतीसाठी ४०,००० ठरलेलं. पुढच्या मार्चमध्ये मुदत संपत होती. भाच्याला जी बिल्डिंग मिळत होती ती त्याच गल्लीत, तेवढ्याच खोल्यांची, आणि तिचं भाडं होतं ६०,०००.

साठ हजार घालून पुन्हा बेरीज केली. साठ, पंचावन्न आणि भाच्याच्या स्वतःच्या मेहनतीचे पंचवीस. झाले एक लाख चाळीस. जमाही तेवढीच. शिल्लक शून्य.

भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं, हे कबूल करतो. आकडे इतके नेमके जुळणं हा काही योगायोग नव्हता.

तीन वर्षांत काय झालं

मित्राने करार केला त्या वेळचं चित्र असं धरू. ट्युशन एरियात अशी शंभर होस्टेलं, म्हणजे चार हजार कॉट. दर ३,००० रुपये. प्रत्येकाची जमा १,२०,०००. खर्चात बिल्डिंग चाळीस हजार, बाकी पंचावन्न आणि चालवणाऱ्याची मेहनत पंचवीस, एकूण तेवढाच. याला आम्ही वर्गात 'आर्थिक नफा शून्य' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस उपाशी मरतोय. तसं नाही. त्याला दुसरीकडे जे मिळालं असतं तेवढं इथे मिळतंय, म्हणून तो जात नाही. त्याहून जास्त मिळत नाही, म्हणून नवीन कुणी येत नाही.

मग मुलं वाढली. तीन हजारच्याच दराने आता आठ हजार मुलांना कॉट हवी आहे, आणि दर शंभर रुपयांनी वाढला की त्यातली चारशे गळतात. कुणी नातेवाइकाकडे राहतं, कुणी गावाकडून एसटीने येजा करतं, कुणी लातूरचा विचारच सोडतं. कॉट चारच हजार असल्याने पहिल्या जूनमध्ये दर चार हजारांवर गेला. जमा १,६०,०००, खर्च जुनाच, म्हणून महिन्याला चाळीस हजारांचा खराखुरा नफा. ही बातमी लपत नाही. दुसऱ्या वर्षी नवीन लोक बिल्डिंगा शोधायला निघाले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. नवीन माणसाला कॉट लागतात. त्या वेल्डिंगच्या दुकानात हव्या तेवढ्या मिळतात, आणि लातूरच्या होस्टेलांनी पाचशे जास्त घेतल्या म्हणून लोखंडाचा भाव हलत नाही. वॉर्डनबाई आजूबाजूच्या तालुक्यांतून येतात. त्यांचा पगार ट्युशन एरिया ठरवत नाही, सगळ्या जिल्ह्याचा बाजार ठरवतो. गाद्या, बादल्या, इन्व्हर्टर यांचंही तेच. उद्योग दीडपट झाला तरी या वस्तूंचे भाव जिथल्या तिथे राहतात.

बिल्डिंगचं मात्र तसं नाही. क्लासपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली जमीन तेवढीच आहे. तिथे पुढची बिल्डिंग होस्टेलला मिळवायची तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून काढून घ्यावी लागते. पहिल्यांदा आल्या त्या चार कुटुंबांना भाड्याने दिलेल्या बिल्डिंगा. तिथे मालकाला कुटुंबांपेक्षा थोडं जास्त दिलं की काम झालं. त्यानंतरचा मालक म्हणतो, माझ्याकडे खाली मेडिकल आहे, वर दवाखाना आहे, त्यांना उठवायचं तर मला त्याहून वर पाहिजे. त्यानंतरच्याला एक मजला चढवावा लागतो. प्रत्येक नव्या होस्टेलागणिक पुढच्या बिल्डिंगचं भाडं सुमारे चारशे रुपयांनी वर सरकतं असं धरू. आणि महत्त्वाचं म्हणजे वाढलेलं भाडं फक्त शेवटच्या बिल्डिंगला लागत नाही. करार संपेल तसतसं ते गल्लीतल्या प्रत्येक बिल्डिंगला लागतं, कारण कोणत्याही मालकाला दुसरा भाडेकरू त्याच भावाने मिळतो.

आता वीस होस्टेलं वाढली असं समजा. कॉट झाल्या ४,८००, दर उतरून ३,८००. जमा १,५२,०००. नव्या कराराचं भाडं ४८,०००, म्हणून एकूण खर्च १,२८,०००. अजूनही चोवीस हजार सुटतात. भाडं आठ हजारांनी वाढलंय आणि तरीही नवीन माणूस येतोय, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वर्गात मुलं इथेच अडतात. त्यांना वाटतं खर्च वाढायला लागला की प्रवेश थांबायला हवा. प्रवेश थांबतो तो दर आणि खर्च एकमेकांना भिडल्यावर. तोवर दर वरून खाली येत असतो, भाडं खालून वर जात असतं, आणि नफा दोन्ही बाजूंनी कातरला जात असतो. एकशेचाळीस होस्टेलांवर दर ३,६००, भाडं ५६,००० आणि शिल्लक फक्त आठ हजार. एकशेपन्नासवर दर ३,५००, भाडं साठ हजार, शिल्लक शून्य. भाचा नेमका या टप्प्यावर माझ्याकडे आला होता.

दर परत तीन हजारांवर आला नाही, हे लक्षात घ्या. बिल्डिंगाही कॉटसारख्या जुन्याच भावात हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या, तर होस्टेलं दोनशे झाली असती आणि दर पुन्हा तीन हजार. मग दीर्घकालीन पुरवठा वक्र आडवा निघाला असता. इथे तो चार हजार कॉटला तीन हजार आणि सहा हजार कॉटला साडेतीन हजार या दोन बिंदूंतून वर चढतो. हजार कॉट वाढल्या की दर अडीचशे रुपयांनी वर. ही चढण येते कुठून? एका होस्टेलमागे चारशे रुपये भाडं वाढतं, ते चाळीस कॉटवर वाटलं की कॉटमागे दहा रुपये. पन्नास होस्टेलं वाढली म्हणून पाचशे. कुणाही होस्टेलचालकाची कार्यक्षमता कमी झालेली नाही. वॉर्डनबाई तेवढीच कामाची, खोल्या तेवढ्याच. सगळी चढण भाड्याची आहे.

खंड

इंग्रजीत 'रेंट' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि विद्यार्थी गोंधळतात. मराठीत आपलं बरं आहे. करारात लिहिलं ते भाडं. आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला 'खंड' म्हणतात तो वेगळा: एखादी गोष्ट त्या वापरात टिकून राहायला जेवढं पुरेसं आहे, त्याच्या वर तिला जे मिळतं तो खंड. शब्द शेत खंडाने देण्यातूनच आलाय, पण अर्थ रुंद आहे.

भाच्याबरोबर मी बिल्डिंगच्या मालकाकडे गेलो. निवृत्त शिक्षक, गल्लीत सगळे गुरुजी म्हणतात. जिन्याखाली त्यांनी खुर्ची टाकली होती, हातात पाण्याच्या मोटरीचं बटण. भाच्याने भाडं जरा कमी करायची विनंती केली.

"बाळा, मला चौघा भाडेकरूंचे मिळून चाळीस येत होते," गुरुजी म्हणाले. "मी काही पाच पैशाची भर घातलेली नाही. भिंत तीच, ओलही तीच. पण परवा एक जण साठ म्हणून गेला. तुला पन्नासला देऊ कशाला?"

इतकं स्पष्ट मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. गुरुजींच्या साठ हजारांतले चाळीस हे त्यांची बिल्डिंग होस्टेलकडे यायला पुरेसे होते. वरचे वीस हजार खंड. दवाखाना उठवून बिल्डिंग देणाऱ्या शेवटच्या मालकाला मात्र खंड काहीच नाही, त्याला साठ हजार दुसरीकडूनही येतच होते. एकाच भाड्यात एकाला वीस हजार खंड आणि दुसऱ्याला शून्य.

सगळ्या एरियाची बेरीज करू. जुन्या शंभर मालकांना प्रत्येकी वीस हजार, म्हणजे वीस लाख. नव्या पन्नासांपैकी पहिला जेमतेम चाळीसवर राजी होता, शेवटचा साठवर. सरासरी पन्नासवर राजी असलेल्यांना साठ मिळाले, म्हणून पाच लाख. महिन्याला एकूण पंचवीस लाख. आता दुसऱ्या बाजूने पाहा. कॉटचा दर पाचशेने चढला: जुन्या चार हजार कॉटचे वीस लाख, आणि वाढलेल्या दोन हजार कॉटवरच्या त्रिकोणाचे पाच लाख. आकडा तोच. फळ्यावर पुरवठा वक्राच्या वरचा आणि दराच्या खालचा जो भाग आपण 'उत्पादकांचं आधिक्य', म्हणजे जेवढ्यावर ते राजी झाले असते त्याहून जास्त मिळालेला पैसा, म्हणून रेघोट्या मारून दाखवतो, तो दीर्घकाळात होस्टेलवाल्यांचा नसतोच. तो गुरुजींचा असतो.

भाच्याला हे पटेना. "मग शेजारचे काका स्वतःच होस्टेल चालवतेत, ते तर पंच्याऐंशी हजार घरी नेतेत!"

नेतात. एक लाख चाळीसमधून पंचावन्न वजा केले की पंच्याऐंशीच उरतात. काकांची स्वतःची बिल्डिंग आहे म्हणून ते भाडं भरत नाहीत, एवढंच. त्यांनी उद्या ती साठ हजारांनी दिली आणि स्वतः पंचवीसची नोकरी धरली तरी पंच्याऐंशीच येतील. होस्टेलवाला म्हणून काकांना भाच्यापेक्षा एक रुपया जास्त मिळत नाही, मालक म्हणून साठ मिळतात. हे दोन माणसं एकाच शर्टात असल्यामुळे गावभर गैरसमज होतो की होस्टेलात लई पैसा आहे.

आणि मालक होऊनही उपाय नाही, कारण खंड विक्रीच्या किमतीत शिरतो. महिन्याचे वीस हजार जास्त म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. आठ टक्के परतावा धरला तर बिल्डिंगची किंमत त्यापोटी तीस लाखांनी वाढते. आज जो ती विकत घेतो तो हे तीस लाख आधीच मोजून बसतो, आणि त्याच्याकडे बँकेचा हप्ता वजा जाता पुन्हा साधारण परतावाच उरतो. फायदा झाला तो बातमी पसरली तेव्हा सातबारा ज्याच्या नावावर होता त्याचा.

भाड्यामुळे दर की दरामुळे भाडं

होस्टेलवाले सगळे एकच कारण सांगतात: भाडं वाढलं म्हणून कॉट महाग केली. एकट्या माणसाच्या वहीत हे खरंही आहे. पण सगळ्या उद्योगाकडे पाहिलं तर क्रम उलटा लागतो. आधी मुलं वाढली, मग दर चढला, मग त्या दरात बिल्डिंग घ्यायला लोक एकमेकांवर चढले, आणि शेवटी भाडं वाढलं. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये इंग्लंडमधल्या धान्याबद्दल हेच दाखवलं होतं, की धान्य महाग झाल्याने जमिनीचा खंड वाढतो, खंडाने धान्य महाग होत नाही. त्याला एक पुरवणी मात्र हवी. दवाखाना उठवून आलेल्या शेवटच्या बिल्डिंगचे साठ हजार हा खरा खर्च आहे, कारण तिथे एक दवाखाना कमी झाला. दर त्या बिल्डिंगवर ठरतो. गुरुजींचे वरचे वीस हजार त्या दराच्या मागून येतात.

हे कळलं नाही तर उपाय चुकतात. पालकांची ओरड झाली की कुणीतरी कॉटचा दर तीन हजारांवर बांधून टाका म्हणतं. त्या दरात भाड्याला चाळीस हजारच परवडतात आणि त्या भावाला शंभरच बिल्डिंगा येतात. बाकीच्या पन्नासांत पुन्हा दवाखाने आणि कुटुंबं. कॉट चार हजार, मागणारी मुलं आठ हजार. उरलेला भाव मग 'डिपॉझिट', 'मेस सक्तीची', 'गादीचे वेगळे' अशा नावांनी परत येतो. गुरुजींचा खंड काढून घ्यायचाच असेल तर तो होस्टेलच्या भाड्यावरच्या करातून काढता येतो. वीस हजारांतले दहा गेले तरी त्यांना होस्टेलच फायद्याचं राहतं, म्हणून एकही कॉट कमी होत नाही. अडचण एवढीच की दवाखाना उठवणाऱ्या शेवटच्या मालकावर तोच कर बसला तर तो लगेच माघार घेईल, आणि दारावरून दोघं सारखेच दिसतात.

या वाढत्या खर्चाचा अर्थ लावताना मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ चुकले आहेत. पिगूने १९१२ मध्ये मांडलं की अशा उद्योगात नवीन येणारा इतरांचा खर्च वाढवतो, म्हणून समाजाचं नुकसान होतं आणि उद्योग आखडता ठेवायला हवा. पुढच्याच वर्षी ॲलिन यंगने दाखवून दिलं की तो वाढलेला खर्च म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा आहे, त्यात काही नष्ट झालेलं नाही. गुरुजींना वीस हजार जास्त देताना ना सिमेंट जास्त लागलं, ना मजूर.

पण ट्युशन एरियातच, त्याच बिल्डिंगखाली, पिगूला बरोबर ठरवणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे बोअर. इथला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असतं, खोल गेलं म्हणून मिळेलच असं नाही. नव्या होस्टेलने बोअर घेतला की शेजारच्याची मोटर पंधरा मिनिटांत हवा ओढायला लागते. मग बोअर मारणारी तिरुचेनगोडची गाडी पुन्हा बोलवायची आणि फुटाच्या भावाने आणखी खोल जायचं. भाच्याच्या मित्राचा बोअर तीनशे फुटांचा होता, दुसरा पाचशेवर न्यावा लागला. ते दोनशे फूट कुणाचाही खंड नाहीत. डिझेल जळलं, केसिंग गेलं, आणि मुलींना तेवढंच पाणी मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या शहरात हा खर्च विसरण्यासारखा नाही. म्हणून वहीत खर्च वाढलेला दिसला की आधी विचारावं: तो पैसा कुणाला मिळाला, की जमिनीत गेला? १९३१ मध्ये व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने हा फरक नावं देऊन पक्का केला. आमच्याकडे तो उन्हाळ्यात मोटरीच्या आवाजावरून कळतो.

हे चित्र कधी लागू नाही

भाव तर सगळ्याचेच वाढतात, मग ही महागाईच कशावरून नाही? वही उघडायची आणि दोन ओळी पाहायच्या. भाडं सोडून कॉटमागचा खर्च जर भाड्याच्याच गतीने वाढला असेल, तर ती साधी महागाई. भाडंच पुढे निघालं असेल आणि भाड्याने चालवणाऱ्याच्या हातात तेवढेच पंचवीस उरत असतील, तर ते हे प्रकरण. करार नव्याने होऊनही चालवणारा पन्नास-साठ हजार नेत असेल तर वेगळं काहीतरी आहे. कदाचित क्लासवाल्याशी संगनमत आहे, मुली त्याच्याकडेच पाठवल्या जातात. किंवा वॉर्डनबाईचं नाव आहे. पालक पहिल्यांदा विचारतात ते 'बाई कोण आहेत?' आणि दहा वर्षं विश्वास कमावलेल्या बाईचा पगारही बाकीच्यांपेक्षा वर जातो. तोही खंडच, फक्त जमिनीऐवजी माणसाला मिळालेला. मला विचाराल तर ट्युशन एरियात ज्याचं कष्टाशी नातं आहे असा तो एकमेव खंड.

दुसरी मर्यादा उतरतीची. चढताना वक्र ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तो परत येत नाही. बांधलेला मजला पाडून कुणी दवाखाना परत आणत नाही. मार्च २०२० मध्ये होस्टेलं रिकामी झाली तेव्हा कॉटचा दर शून्य आणि करारातलं भाडं तसंच. ज्यांनी नुकताच वाढीव भाड्याचा करार केला होता त्यांचे हाल झाले. मालकाला चाळीसच मिळाले तरी चालण्यासारखं होतं, चालवणाऱ्याला मात्र पंचवीसही मिळेनात.

भाच्याने काय केलं

त्याने गुरुजींना नाही म्हटलं. मला वाटलं विषय संपला. पण त्याने वसुलीच्या फेऱ्यांत बरंच शहर पाहिलं होतं. क्लासपासून चार किलोमीटरवर, रिंग रोडच्या बाजूला त्याने तेवढ्याच खोल्यांची बिल्डिंग तीस हजारांत घेतली, दोन वर्षांच्या करारावर. दर ठेवला ३,३००, आणि एक व्हॅन लावली. सकाळी दोन फेऱ्या, रात्री बॅच सुटल्यावर दोन. चालकासकट महिना सोळा हजार. जमा १,३२,०००. खर्चात तीस, सोळा, पंचावन्न आणि स्वतःचे पंचवीस, मिळून १,२६,०००. सहा हजार सुटतात.

मला ते आवडलं. ट्युशन एरियातल्या सगळ्यांची स्पर्धा 'चालत पंधरा मिनिटं' या एकाच गोष्टीसाठी होती आणि याने तिची व्याख्याच व्हॅनने बदलली. असे पुरेसे लोक निघाले तर चालत पोचण्याजोग्या जमिनीची टंचाई सैल होईल, पुरवठा वक्राची चढण कमी होईल, आणि गुरुजींना साठ मिळणार नाहीत.

पुढच्या जूनपर्यंत रिंग रोडला आणखी तिघांनी व्हॅन लावली. परवा भाच्याकडे चहाला गेलो होतो. मालक खाली उभे होते, व्हॅनच्या बोनेटवर हात ठेवून. करार संपायला अजून वर्ष होतं.

"सर, गाडी चांगली चालायली म्हणे," ते मला म्हणाले. "समोरच्या बिल्डिंगवाल्याला कुणीतरी छत्तीस देतो म्हणलाय."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहात साखर घालायला लागला.